चाळीस रुपयांचा अर्ज

चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला सीएनसी ऑपरेटर हवे आहेत. जाहिरात दोन ठिकाणी गेली: एका नोकरीच्या संकेतस्थळावर आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर. महिनाअखेरीला जाहिरात एजन्सीचा अहवाल येतो. पहिल्याच पानावर ठळक आकडा असतो, एका अर्जामागे किती खर्च आला याचा. भरतीवाले त्याला ‘कॉस्ट पर अॅप्लिकंट’ म्हणतात. सोशल मीडियाचा अर्ज चाळीस रुपयांना पडला, संकेतस्थळाचा तीनशेला. बैठकीत कुणीतरी म्हणतंच, ‘मग सगळा पैसा इन्स्टावरच का टाकत नाही?’

मी काही वर्षं असे अहवाल तयार केले आहेत. या प्रश्नाला उत्तर द्यायला पहिलं पान पुरत नाही, हे मलाही उशिराच कळलं. पुढचे आकडे समजुतीसाठी बेतलेले आहेत, पण त्यांची चाल ओळखीची आहे.

समजा, सोशल मीडियावर ३६ हजार रुपये खर्च झाले आणि ९०० अर्ज आले. संकेतस्थळावर ४८ हजार खर्च होऊन १६० अर्ज आले. आता फोन लावायला बसा. सोशल मीडियावरच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, ईमेल हे सगळं प्रोफाइलमधून आपोआप भरलेलं येतं. दोन वेळा बोट टेकवलं की अर्ज गेला. म्हणून फोनवरचं संभाषण बऱ्याचदा असं होतं: ‘तुम्ही ऑपरेटरच्या जागेसाठी फॉर्म भरलाय ना?’ ‘कुठला फॉर्म?’ काही नंबर खातं उघडलं तेव्हाचे, आता बंद पडलेले. काही जण लातूर-नांदेडचे, त्यांना चाकण नेमकं कुठे हे विचारायचं असतं. काहींना फक्त पगार जाणून घ्यायचा असतो. संकेतस्थळावरच्या माणसाने मात्र निदान बायोडेटा चढवलेला असतो, आयटीआयचा ट्रेड लिहिलेला असतो. तेवढा खटाटोप केलेला माणूस फोनही उचलतो.

चाळणी लावल्यावर ९०० मधून टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेडचे, मशीनवर हात बसलेले आणि शिफ्टला तयार असे ९० उरले. त्यांतले ४० मुलाखतीला आले, १२ निवडले गेले, ६ रुजू झाले आणि ९० दिवसांनंतर ४ टिकले. दुसरीकडे १६० मधून ७० पात्र ठरले, ३० आले, १६ निवडले गेले, १२ रुजू झाले, १० टिकले.

जाहिरातीच्या खर्चात फोन करणाऱ्याचा वेळही मिळवायला हवा. तो अहवालात जवळजवळ कधीच नसतो, कारण त्याचा पगार दुसऱ्या खात्यातून जातो. एका अर्जाला चार मिनिटं धरली, तर ९०० अर्जांना ६० तास लागतात. तासाला दीडशे रुपयांनी झाले ९ हजार. संकेतस्थळाच्या अर्जांना जेमतेम अकरा तास, म्हणजे १६०० रुपये. आता भागाकार करा. सोशल मीडियातून टिकलेला माणूस ४५ हजार भागिले ४, म्हणजे ११,२५० रुपयांना पडला. संकेतस्थळाचा ४९,६०० भागिले १०, म्हणजे ४,९६० ला. चाळीस आणि तीनशे यांचा क्रम पार उलटा झाला.

या आकड्यावर भाळण्याआधी ‘पात्र’ म्हणजे काय ते कुणी ठरवलं हे विचारावं. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. एजन्सीच्या लेखी फोन उचलून ‘हो, इंटरेस्ट आहे’ म्हणणारा पात्र. एचआरच्या लेखी आयटीआयचं प्रमाणपत्र दाखवणारा पात्र. शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर मात्र विचारतो, ‘ड्रॉइंग वाचता येतं? टूल ऑफसेट देता येतो? मायक्रोमीटर धरता येतो?’ एकाच अहवालात या तीन व्याख्या मिसळल्या, तर कुठलाही प्लॅटफॉर्म स्वस्त दाखवता येतो. व्याख्या जाहिरात सुरू होण्याआधी लिहून ठेवावी आणि ती सुपरवायझरने लिहावी, असं माझं मत आहे.

दुसरी गफलत तारखांची. जूनचा खर्च आणि जूनमध्ये रुजू झालेली माणसं एकमेकांशेजारी मांडतात. पण जूनमध्ये रुजू झालेल्याने अर्ज एप्रिल-मेमध्ये केलेला असतो, त्याची नोटीस जूनमध्ये संपलेली असते. जाहिरात वाढवली त्या महिन्यात आकडा महाग दिसतो, आणि बंद केली त्या महिन्यात फुकटात माणसं आल्यासारखी वाटतात. म्हणून अर्जाच्या महिन्याप्रमाणे गठ्ठा बांधावा आणि तोच गठ्ठा शेवटपर्यंत पाहावा. जूनचा गठ्ठा ९० दिवस टिकण्याच्या कसोटीवर पुरा व्हायला सहज ऑक्टोबर उजाडतो. तोवर बैठकीत ‘अजून सांगता येत नाही’ असं म्हणायची हिंमत लागते.

आणि चार आणि दहा हे आकडे तरी केवढे? संकेतस्थळाच्या दहांपैकी चौघे शेजारच्या कंपनीत हजार रुपये जास्त मिळाले म्हणून गेले, आणि सोशल मीडियाचे दोघे जास्त टिकले, की ११,२५० चे होतात ७,५०० आणि ४,९६० चे होतात सव्वाआठ हजार. पुन्हा उलटापालट! एवढ्याशा संख्येवर वर्षाचं बजेट हलवू नये. दोन-तीन गठ्ठे एकाच दिशेने बोलू लागले, तर विश्वास ठेवावा.

मग सोशल मीडिया वाईट का? नाही. त्याला आपण जे मागतो, ते तो आणून देतो. फॉर्म भरणारे मागितले की फॉर्म भरणारे शोधतो. फॉर्ममध्ये दोन प्रश्न घाला, ‘आयटीआय कुठल्या ट्रेडमधून?’ आणि ‘चाकणला रोज येऊ शकाल का?’, आणि उत्तर स्वतः टाइप करायला लावा. अर्ज धाडकन कमी होतात, एका अर्जाचा खर्च वाढतो. त्या आठवड्यात एजन्सीचा काळजीचा फोन हमखास येतो. पण फोनवर जाणारे तास वाचतात आणि टिकलेल्या माणसामागचा खर्च बहुतेक वेळा खाली येतो. शिवाय ट्रेनी किंवा पॅकिंगच्या कामाला, जिथे पात्रतेची चाळणीच विरळ आहे, तिथे चाळीस रुपयांचा अर्ज खरोखरच स्वस्त पडतो. संकेतस्थळावर तर असा तरुण बायोडेटा चढवायलाच जात नाही. आणि ऑपरेटरसाठी संकेतस्थळावरचा पैसा दुप्पट केला म्हणून माणसं दुप्पट येत नाहीत. त्या भागातले नोकरी शोधणारे ऑपरेटर तेवढेच असतात. पुढे पुढे तेच बायोडेटा पुन्हा समोर येतात.

शेवटी उरतो तो मूळ प्रश्न, माणूस आला कुठून. जाहिरातीच्या दुव्याला utm_source=instagram असं शेपूट लावतात, त्यावरून कळतं. पण अर्जदाराने इन्स्टावर जाहिरात पाहिली, कंपनीचं नाव लक्षात ठेवलं आणि रात्री घरी जाऊन संकेतस्थळावर अर्ज केला, तर श्रेय संकेतस्थळाला जातं. म्हणून आम्ही रुजू होताना एक कागद भरून घ्यायचो, ‘नोकरीची माहिती कुठून मिळाली?’ एका मुलाने लिहिलं, ‘मित्र’. त्या मित्राला कसं कळलं म्हणून विचारलं, तर त्याने मोबाइल काढून दाखवला. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्याच इन्स्टाच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता. अहवालात तो मुलगा ‘ओळखीतून’ या रकान्यात गेला, खर्च शून्य रुपये.