ऑफर लेटरवर तीस हजार, खात्यात साडेपंचवीस!

मित्रांनो, समजा तुमच्या युनिटमध्ये वीसच्या वर माणसं आहेत, म्हणजे पीएफ लागू. नव्या सुपरवायझरच्या ऑफर लेटरवर तुम्ही लिहिलंत, ‘सीटीसी महिना ३०,००० रुपये’. पहिल्या पगाराला खात्यात आले २५,४७९. तो विचारणारच, "सर, बाकीचे कुठे गेले?"

सीटीसी म्हणजे तो माणूस कंपनीला केवढ्याला पडतो, तो आकडा. त्यात बेसिक १५,००० धरू. बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० कंपनीचा पीएफ आणि ७२१ ग्रॅच्युइटीची तरतूद. हे वजा केलं की २७,४७९ उरतात, तो ग्रॉस. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० कापला, की इन-हँड. (फेब्रुवारीत हा कर ३०० असतो, तेव्हा पुन्हा फोन येतो!)

पीएफचे दोन्ही वाटे त्याच्याच नावावर पीएफ-पेन्शनमध्ये जातात. ग्रॅच्युइटीचे पैसे मात्र तुमच्याकडेच राहतात आणि कायम कामगाराला साधारण पाच वर्षं टिकल्यावरच मिळतात. ती सीटीसीत घालून आकडा फुगवणं मला तरी पटत नाही.

उलटी गफलत तुम्हाला महागात पडते. मुलाखतीत तोंडी ‘हातात तीस देतो’ म्हणालात, तर याच हिशेबाने तुमचा खर्च साडेचौतीस हजारांवर जातो. म्हणून ऑफर लेटरसोबत सीटीसी, ग्रॉस आणि इन-हँड असे तिन्ही आकडे दाखवणारा तक्ता जोडा, आणि रुजू होण्याआधीच त्यावर सही घ्या.