करवंटीतला कावा, गोळीतला कावा

प्रशांत महासागरातल्या वानुआतू बेटांवर संध्याकाळी माणसे ‘नकामाल’ नावाच्या बैठकीच्या जागी जमतात. कावाचे ताजे मूळ कुटून किंवा दळून थंड पाण्यात कालवतात, गाळतात आणि नारळाच्या करवंटीतून ते मातकट, कडू पेय एका दमात पितात. थोड्याच वेळात जीभ आणि ओठ बधिर होतात, अंग सैलावते, मन निवते. कावा ही आपल्या मिरीची आणि नागवेलीची सख्खी बहीण, एकाच ‘पायपर’ प्रजातीतली.

त्याचा गुण ‘कावालॅक्टोन’ या रेणूंत आहे. मेंदूतल्या चेतापेशींना आवरते घेण्याचे काम ‘गाबा’ हे रसायन करते. ते पेशीवरच्या ठरावीक ग्राहीला चिकटले की क्लोराइडचे आयन आत शिरतात आणि पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. कावालॅक्टोन गाबाचा हा परिणाम वाढवतात. डायझेपामसारख्या झोपेच्या गोळ्याही तेच करतात, पण त्यांची चिकटण्याची जागा निराळी. डायझेपामचा परिणाम पुसणारे फ्लुमाझेनिल हे औषध प्रयोगशाळेत वापरले, तरी कावाचा परिणाम टिकून राहिला. कावालॅक्टोन चेतापेशींतले सोडियमचे मार्गही अडवतात. जागेपुरती भूल देणारी इंजेक्शने हेच करतात, जीभ बधिर होते तीही त्यामुळेच.

व्हॅलेरियनच्या मुळातले व्हॅलेरेनिक आम्लही याच ग्राहीवर काम करते, मात्र ग्राहीच्या एका विशिष्ट घटकावर. त्या घटकात एकच बारीक जनुकीय बदल केलेल्या उंदरांवर या आम्लाचा भीती कमी करणारा परिणाम झालाच नाही. माणसाच्या झोपेबाबतचा पुरावा मात्र कमजोर आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2017 साली निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नये, असेच सुचवले. आपल्याकडे हिमालयातल्या व्हॅलेरियनचे मूळ तगरगंठोडा म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर ती नव्हे.

खरी काळजी कावाच्या गोळ्यांची. 1990च्या दशकात युरोप-अमेरिकेत चिंतेवर कावाच्या अर्काच्या गोळ्या खूप खपल्या आणि मग यकृत बिघडल्याच्या नोंदी येऊ लागल्या. 2002 साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अमेरिका, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या अशा 11 रुग्णांची नोंद दिली, ज्यांच्यावर यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली होती. त्याच वर्षी जर्मनीने या गोळ्यांची मान्यता काढून घेतली. पुढे तिथल्या न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला, पण वाद मिटला नाही: बेटांवर माणसे पिढ्यान् पिढ्या कावा पितात, मग त्यांची यकृते अशी निकामी का होत नाहीत?

एक संशय अर्काच्या पद्धतीवर आहे. बेटांवर मूळ पाण्यात कालवतात, कारखान्यात ॲसिटोन किंवा अल्कोहोल वापरत. त्यात कावालॅक्टोन अधिक तीव्र उतरतात. पण पाण्यातल्या कावानेही यकृत बिघडल्याच्या काही नोंदी आहेत, त्यामुळे सगळा दोष द्रावकावर टाकता येत नाही. मला दुसरे कारण अधिक वजनदार वाटते: कच्चा माल. बेटवासी रोजच्या पिण्यासाठी ‘नोबल’ वाण निवडतात. ‘टुडे’ वाणाची गुंगी दोन दिवस उतरत नाही, म्हणून तो टाळतात. त्यात फ्लावोकावेन-बी जास्त असते आणि प्रयोगशाळेत हे रसायन यकृताच्या पेशी मारते. गोळ्यांची मागणी वाढली तेव्हा कोणता वाण जातो आहे, मूळ सोललेले आहे की साल आणि खोडही त्यात आहे, हे पाहिले गेलेच असे नाही. वानुआतूने 2002च्या कायद्याने टुडेच्या निर्यातीवर बंधने घातली.

तरीही नोबल कावा सर्वांना निर्धोक, असे म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमध्ये भरपूर कावा पिणाऱ्या आदिवासींच्या रक्तात यकृताची काही विकरे वाढलेली आढळली. पिणे थांबवल्यावर ती खाली आली. गोळ्यांमुळे गंभीर इजा मात्र क्वचितच आणि बहुधा मात्रेच्या हिशोबाबाहेर होते. कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. कावा यकृतातल्या औषधे पचवणाऱ्या विकरांनाही अडवतो. म्हणून दारू, पॅरासिटामॉल किंवा यकृतावर भार टाकणाऱ्या इतर औषधांच्या जोडीला तो घेणे विशेष धोक्याचे.

व्हॅलेरियनच्या बाबतीत असे प्रसंग फार थोडे आणि बहुतेक सौम्य आहेत. 1989 साली ब्रिटनमध्ये ताण घालवणाऱ्या वनौषधी गोळ्यांमुळे चार स्त्रियांची यकृते बिघडल्याची नोंद झाली. पण त्या गोळ्यांत व्हॅलेरियनबरोबर स्कलकॅप ही वनस्पतीही होती, त्यामुळे दोष कुणाचा हे सांगणे कठीण. झोपेच्या गोळ्या किंवा दारूबरोबर मात्र दोन्ही मुळे गुंगी वाढवतात. ही मुळे घेत असाल तर शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवे.

इजेची चाहूल गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत लागते. आधी थकवा, मळमळ, भूक मरणे. मग लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते, डोळे पिवळे दिसतात. अशा वेळी गोळी त्याच दिवशी थांबवावी आणि डॉक्टरकडून रक्तातले एसजीपीटी, बिलीरुबिन आणि रक्त गोठण्याचा वेळ तपासून घ्यावा. सोबत बाटली न्यावी, कारण ‘वनौषधी घेतो’ एवढ्यावरून त्यांना काहीच कळत नाही. बरे वाटल्यावर तीच गोळी पुन्हा सुरू करू नये. दुसऱ्या खेपेला इजा अधिक लवकर आणि अधिक तीव्र होऊ शकते.