सलग पाच विजयांचा भाव

बास्केटबॉलमध्ये एखाद्या खेळाडूचे तीन-चार नेम लागोपाठ बसले, की पुढचा चेंडू आपसूक त्याच्याकडे जातो. त्याचा हात आज चालतोय, असं सहकाऱ्यांनाही वाटतं आणि प्रेक्षकांनाही. या समजुतीला तिकडे ‘हॉट हँड’ म्हणतात. १९८५ मध्ये थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी फिलाडेल्फिया संघाच्या नेमांच्या नोंदी तपासल्या. आधीचे नेम बसल्यामुळे पुढचा बसण्याची शक्यता वाढलेली त्यांना दिसली नाही. त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीतच एक सूक्ष्म चूक होती, हे पुढे २०१८ मध्ये मिलर आणि सान्हुर्हो यांनी दाखवलं. त्यामुळे खेळाडूचा हात खरंच थोडाफार चालतो का, हा वाद आजही मिटलेला नाही.

सट्टेबाजाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. संघ फॉर्मात आहे की नाही, एवढं कळून त्याचं भागत नाही. त्या फॉर्मची किंमत भावात आधीच किती धरली गेली आहे, यावर त्याचा नफा-तोटा ठरतो.

कॉलिन कॅमेरर या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यासाठी त्याने अमेरिकेतल्या एनबीए स्पर्धेचे १९८३ ते १९८६ असे तीन हंगाम घेतले. तिथे बास्केटबॉलवरची पैज बहुधा ‘पॉइंट स्प्रेड’वर लागते. बलवान संघावर पाच गुणांचा स्प्रेड असेल, तर त्याने नुसतं जिंकून चालत नाही, पाचपेक्षा जास्त गुणांनी जिंकावं लागतं. दोन्ही बाजू साधारण सारख्या व्हाव्यात, असाच हा आकडा ठरतो. एका बाजूला पैसा जास्त येऊ लागला, की बुकी तो सरकवतो.

समजा, खऱ्या ताकदीनुसार एका संघाचा स्प्रेड पाच गुणांचा असायला हवा. पण तो सलग पाच सामने जिंकून आला आहे. लोक त्याच्यावर तुटून पडतात आणि स्प्रेड सहावर जातो. संघ सहा गुणांनी जिंकला, तर पाचच्या स्प्रेडवर पैज लावणारा जिंकला असता. सहावर लावणाऱ्याला फक्त त्याचे पैसे परत मिळतात. संघाची घोडदौड चालू राहिली, तरी तिच्यावर पैसे लावणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही.

कॅमेररला असंच चित्र दिसलं. सलग जिंकत आलेले संघ स्प्रेडच्या हिशेबात निम्म्याहून किंचित कमी वेळा सरस ठरले. सलग हरत आलेल्या संघांनी अपेक्षेपेक्षा किंचित बरी कामगिरी केली. म्हणजे अलीकडच्या निकालांना लोकांनी नको तेवढं वजन दिलं होतं आणि ते वजन भावातही उतरलं होतं.

पाच विजयांची मालिका म्हटलं की काहीतरी विशेष घडतंय असं वाटतं. पण एनबीएच्या हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. नाणं ८२ वेळा उडवलं, तरी कुठेतरी सलग पाच छापे पडण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त असते.

मग हुशार माणसाने हरणाऱ्या संघांवर पैसे लावून कमाई का करू नये? आडवं येतं बुकीचं कमिशन. तिथला रिवाज ११० डॉलर लावून १०० जिंकण्याचा आहे. शंभर पैजांपैकी ५२ जिंकल्या, तरी मिळतात ५,२०० आणि जातात ५,२८०. नफ्यासाठी ५२.४ टक्क्यांहून जास्त यश लागतं. कॅमेररला सापडलेली चूक एवढी मोठी नव्हती आणि म्हणूनच ती बाजारात टिकून राहू शकली. विल्यम ब्राऊन आणि रेमंड सॉअर यांनी १९९३ मध्ये त्याच्या निष्कर्षाला आणखी एक मर्यादा घातली: स्प्रेड मालिकेमुळे सरकतो हे खरं, पण मालिकेमागे संघाची ताकद खरोखरच वाढलेली नसते, हे आकड्यांवरून ठामपणे सिद्ध होत नाही.

संघाची मालिका एक, पैज लावणाऱ्याची स्वतःची दुसरी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जुएमिन शू आणि नायजेल हार्वी यांनी ७७६ जणांच्या सुमारे ५ लाख ६६ हजार ऑनलाइन पैजा तपासल्या. एरवी त्यातल्या सुमारे ४८ टक्के जिंकल्या जात होत्या. सलग तीन जिंकलेल्यांची पुढची पैज जिंकण्याचं प्रमाण मात्र ६७ टक्क्यांच्या आसपास निघालं. वरवर पाहता हा ‘चालणाऱ्या हाता’चा सज्जड पुरावा होता.

संशोधकांनी मग त्यांचे भाव पाहिले, तेव्हा उलगडा झाला. नशीब आता फिरेल या धास्तीने जिंकणारे अधिकाधिक सुरक्षित, म्हणजे कमी परतावा देणाऱ्या पैजा निवडत होते. अशा पैजा जास्त वेळा जिंकल्या जाणारच. हरणारे, आता तरी आपली पाळी येईल म्हणून, लांबच्या भावांकडे वळत होते आणि आणखी हरत होते. एकाचं विजयाचं प्रमाण वाढत होतं, तसा दर विजयामागे हाती येणारा पैसा घटत होता. लांब मालिका जिंकणाऱ्यांची एकूण कमाई इतरांपेक्षा सरस निघाली नाही.