बोगद्यात कोण, बाहेर कोण?

घरून काम करताना व्हीपीएन लावला की सगळीच रहदारी ऑफिसच्या बोगद्यातून जायला हवी असं नाही. वायरगार्डमध्ये `AllowedIPs` या ओळीत लिहिलेले पत्तेच बोगद्यात शिरतात. बाकी व्हिडिओ, बँक वगैरे घरच्या इंटरनेटवरून थेट जातं.

समजा, ऑफिसने तिथे `192.168.0.0/16` लिहिलं. म्हणजे 192.168 ने सुरू होणारे सगळे पत्ते. तुमच्या घरचा राउटर मात्र `192.168.1.0/24` वापरतो. आता ऑफिसचा सर्व्हर `192.168.1.50` वर असेल, तर तो उघडतच नाही. कारण दोन वाटा जुळल्या, तर संगणक अधिक नेमकी, म्हणजे तिरक्या रेघेपुढचा आकडा मोठा असलेली वाट धरतो. 24 हा 16 पेक्षा नेमका, म्हणून निरोप घरातच घुटमळतो.

लिनक्सवर खात्री करून घेता येते:

```
ip route get 192.168.1.50
```

उत्तरात `wg0` ऐवजी `wlan0` दिसलं, की चोर सापडला. `AllowedIPs` मध्ये `192.168.1.50/32` जोडलं, की तेवढा एकच पत्ता बोगद्यात जातो. मात्र घरातल्या प्रिंटरचाही तोच पत्ता असेल, तर आता प्रिंटर रुसेल. कायमचा उपाय म्हणजे घरच्या राउटरची पत्तेमालिकाच बदलणं.