दोन गाठी कमी की नुसती लिहिण्याची चूक?

भिवंडी-मालेगावहून ग्रे कापड परदेशी पाठवणारे आपले बांधव बिल ऑफ लेडिंग हातात आले की नाव-पत्ता पाहतात आणि कागद बँकेत देतात. खरे म्हणजे बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग शेजारी ठेवून वाचावीत. हिशेब सोपा आहे.

समजा, १२० गाठी न्हावा-शेव्याहून दुबईला निघाल्या. गाठीत ६०० मीटर कापड, निव्वळ वजन ९६ किलो, गोणपाट व पट्ट्यांसह ९९ किलो. पॅकिंग लिस्टमध्ये एकूण वजन ११,८८० किलो. बीजकात ७२,००० मीटर, मीटरला ९० सेंट, म्हणजे ६४,८०० डॉलर. बिल ऑफ लेडिंगवर मात्र ११८ गाठी!

आता वजन पाहा. तेथे ११,८८० किलोच असेल, तर आकडा लिहिण्यात गफलत झाली असण्याचा संभव मोठा. पण वजन ११,६८२ असेल तर तफावत १९८ किलोची, म्हणजे बरोबर दोन गाठी. मग एजंटला फोन करण्याआधी गोदामात माणूस पाठवा. पॅकिंग लिस्टच्या ओळीही बेरजेवर भरवसा न ठेवता मोजा. पुष्कळदा ओळी ११८ वरच संपतात आणि खाली मुनीम सवयीने १२० लिहितो.

एक गोष्ट लक्षात असू द्या. डबा आपल्याच गोदामात भरून सील केला असेल, तर जहाज कंपनी गाठी मोजत नाही. ‘सेड टू कन्टेन’ लिहून आपलाच आकडा उतरवते. तेव्हा तिन्ही कागद जुळले तरी त्याने काही शाबित होत नाही. अशा वेळी काटापावती काढा. तिच्यात गाडीचे व रिकाम्या डब्याचेही वजन असते, ते वजा करावे. जुलै २०१६ पासून जहाजावर चढण्याआधी द्यावे लागणारे प्रमाणित वजनही डब्यासकट असते. ते बिल ऑफ लेडिंगवरील मालाच्या वजनाशी जुळत नाही म्हणून घाबरू नये.

बिल ऑफ लेडिंगवर सहसा मालाची किंमत नसते, पण भाडे कोणी द्यायचे ते असते. बीजक एफ.ओ.बी. आणि तिकडे ‘फ्रेट प्रीपेड’ असेल, तर भाडे कोणाच्या खिशातून गेले ते विचारा.

दोन गाठी खरोखरच राहिल्या असतील तर बीजक ७०,८०० मीटर आणि ६३,७२० डॉलरचे करा. पॅकिंग लिस्ट बदला आणि एजंटकडून शिपिंग बिलातही दुरुस्ती करून घ्या. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये माल मीटरमध्ये लिहिला असेल आणि तफावतीला मनाई नसेल, तर २००७ पासून लागू असलेल्या यू.सी.पी. ६०० प्रमाणे पाच टक्के कमी-जास्त चालते. येथे कमी आहे दोन टक्क्यांच्या आतच. मात्र तेथे ‘१२० गाठी’ असे लिहिले असेल तर ही सवलत मिळत नाही. मग खरेदीदाराकडून दुरुस्ती मागवा, नाहीतर जहाज सुटण्याआधी त्या दोन गाठी पोचवा.