चित्रं घडवणारी गणितं – भाग ९ : एका चित्रात दोन चेहरे

एकाच माणसाचा फोटो संदर्भ म्हणून दिला, तर चित्र घडवणारं मॉडेल तो चेहरा कसा उचलतं हे मागच्या लेखात पाहिलं. आता त्याला दुसरा फोटो जोडू. समजा, सत्तरीतले आजोबा आणि पंचविशीतली नात बाकावर शेजारी बसलेली हवी आहेत. आजोबांना पांढरी मिशी, जाड काड्यांचा चष्मा आणि रुंद कपाळ; नातीचा चेहरा लांबट, नाक सरळ, चष्मा नाही. चित्र येतं तेव्हा आजोबा पंधरा-वीस वर्षांनी तरुण झालेले असतात, नातीच्या गालांवर सुरकुत्यांची छाया असते आणि चष्मा दोघांनाही लागलेला असतो. अशा वेळी हात आपोआप दोन ठिकाणी जातो : संदर्भ-फोटोचं वजन वाढवणं, नाहीतर प्रॉम्प्टमध्ये दोघांचं आणखी बारकाईनं वर्णन करणं. दोन्ही उपाय फारसे लागू पडत नाहीत, कारण ते चुकीच्या दोषावर आहेत. चेहरा मॉडेलपर्यंत कमी पोचला म्हणून चेहरे मिसळत नाहीत. तो चित्रात कुठे उतरवायचा हे कुणी सांगितलं नाही म्हणून मिसळतात. तेव्हा खरा इलाज जागा वाटून देण्याचा आहे.

हे पटण्यासाठी आत काय चालतं ते पाहावं लागेल. उदाहरण म्हणून एसडीएक्सएल हे मॉडेल आणि त्याला जोडायचं, खास चेहऱ्यांसाठीचं आयपी-अ‍ॅडॉप्टर घेऊ. हे अ‍ॅडॉप्टर प्रत्येक फोटोची 16 टोकनं बनवतं. घडत असलेल्या चित्राच्या जाळीतलं प्रत्येक घर त्या टोकनांकडे बघतं आणि आपल्याला जे जवळचं वाटेल ते उचलतं. या बघण्याला क्रॉस-अटेंशन म्हणतात. दोन फोटो दिले की टोकनं 32 होतात आणि ती एका रांगेत उभी राहतात. पहिली 16 डावीकडच्या माणसाची आणि पुढची 16 उजवीकडच्याची, अशी नोंद कुठेही नसते. घराला फक्त साम्य कळतं. आपण जिथे आहोत तिथे मिशीचा माणूस आकार घेतोय असं त्या घराला उमगलं असेल, तर ते आजोबांच्या टोकनांकडे जास्त झुकेल. पण सुरुवातीच्या टप्प्यांत चित्र म्हणजे जवळजवळ नुसता गोंगाट असतो. तेव्हा डाव्या आणि उजव्या घरात फरक करण्याजोगं काही नसतं, म्हणून दोन्ही घरं दोन्ही चेहऱ्यांमधून थोडं थोडं घेतात. आणि डोक्याचा आकार, वय, चेहऱ्याची ठेवण हे सगळं ठरतं ते याच टप्प्यांत.

आता वजन वाढवण्याचा उपाय तपासू. ते वजन क्रॉस-अटेंशनमधून बाहेर आलेल्या मिश्रणाला लागतं. मिश्रण आधीच झालेलं असेल, तर वजन वाढवल्यानं तेच मिश्रण ठळक होतं. दोन फोटोंसाठी दोन वेगळी अ‍ॅडॉप्टरं लावली तरी प्रत्येकाचं उत्तर चित्रातल्या सगळ्या घरांत मिळवलं जातं. मग आजोबांचं वजन वाढवलं की नातीच्या गालावरही आजोबाच वाढतात. कम्फीयूआयमध्ये दोन फोटो जोडताना `average` हा पर्याय निवडला, तर मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच दोघांची सरासरी निघते. तिथून दोन माणसं परत वेगळी होणार कशी? वर्णनाचं म्हणाल, तर ‘पांढऱ्या मिशीचा वृद्ध आणि तरुण मुलगी’ एवढं लिहिल्यानं घरांना लवकर ओळख पटते आणि थोडा फायदा होतो, हे खरं आहे. म्हणूनच दिसायला अगदी भिन्न असलेल्या दोन माणसांचं चित्र कधीकधी काहीही न करता जमून जातं. पण प्रॉम्प्टमधले शब्दसुद्धा सगळ्या घरांना खुले असतात. ‘चष्मा’ हा शब्द आजोबांसाठी लिहिलेला असला, तरी नातीच्या डोळ्यांजवळचं घर तो वाचतंच. एका माणसाचं वैशिष्ट्य सामाईक प्रॉम्प्टमध्ये जितकं रंगवून लिहाल, तितकी गळतीची आणखी एक वाट उघडते.

जागा वाटून देण्याचं साधन म्हणजे मास्क. चित्राच्या आकाराचीच, पण काळी-पांढरी अशी दोन चित्रं करायची. पहिल्यात आजोबांच्या डोक्याची जागा पांढरी, दुसऱ्यात नातीची. मग प्रत्येक चेहऱ्याचं क्रॉस-अटेंशन वेगळं काढलं जातं, त्याला त्याच्या मास्कनं गुणलं जातं आणि नंतर बेरीज होते. आजोबांच्या मास्कमध्ये नातीच्या चेहऱ्याच्या जागी किंमत शून्य आहे, त्यामुळे तिथे आजोबांची टोकनं पोचतच नाहीत. डिफ्युझर्स या लायब्ररीत हे काम चार ओळींचं आहे :

```python
p = IPAdapterMaskProcessor()
m = p.preprocess([mask1, mask2], height=1024, width=1024)
m = [m.reshape(1, m.shape[0], m.shape[2], m.shape[3])]
pipe.set_ip_adapter_scale([[0.7, 0.7]])
```

यानंतर चित्र मागताना दोन्ही फोटो यादीच्या आतल्या एकाच यादीत, `[[photo1, photo2]]` असे, द्यायचे आणि `cross_attention_kwargs` मध्ये `ip_adapter_masks` म्हणून `m` द्यायचं. फोटोंचा आणि मास्कांचा क्रम एकच हवा. तो चुकला, तर चेहरे मिसळणार नाहीत, पण त्यांची अदलाबदल होईल.

मास्क लावूनही गळती राहिली असं पुष्कळांना आढळतं, आणि बऱ्याचदा त्याचं कारण मास्कच्या काठाशी असतं. 1024 पिक्सेलच्या चित्रात एसडीएक्सएलचं अटेंशन 64 बाय 64 आणि 32 बाय 32 घरांच्या जाळीवर चालतं. दुसऱ्या जाळीत एक घर म्हणजे मूळ चित्रातले 32 पिक्सेल. मास्कही त्याच जाळीवर आवळला जातो आणि आवळताना त्याचा काठ नेमका राहत नाही. दोन मास्कांमध्ये दहा पिक्सेलची फट ठेवली असेल, तर ती डोळ्यांना दिसते, पण जाळीवर उरतच नाही. काठावरचं घर दोघांचं होतं. म्हणून दोन मास्कांमध्ये निदान दोन घरांची, म्हणजे 64 पिक्सेलची, जागा रिकामी सोडावी. चेहराही पुरेसा मोठा हवा. 200 पिक्सेल रुंदीचा चेहरा या जाळीत जेमतेम सहा घरांच्या रुंदीत बसतो. एवढ्यात डोळे, नाक, ओठ उतरवायचे, म्हणजे प्रत्येक घर काठापासून फार लांब नसतंच.

काठ नीट सांभाळला तरी एक दुसरी वाट उरते. घरं फक्त संदर्भ-फोटोकडे बघत नाहीत, एकमेकांकडेही बघतात, हे सेल्फ-अटेंशन. त्याच्यामुळे चित्रात एकच प्रकाश पडतो, दोघं एकाच बाकावर बसल्यासारखी वाटतात. पण डोळा घडवणाऱ्या घराला सर्वांत जवळचं वाटतं ते चित्रातला दुसरा डोळा घडवणारं घर, मग तो डोळा कुणाचाही असो. आजोबांच्या डोळ्याभोवतीची सुरकुती नातीकडे जाते ती अशी, आणि आपण लावलेला मास्क या वाटेवर नसतो. ‘बाउंडेड अटेंशन’ या नावानं 2024 मध्ये आलेल्या संशोधनानं नेमकं यावर बोट ठेवलं आणि प्रत्येक विषयाची घरं परक्या विषयाकडे बघू नयेत अशी मर्यादा घातली.

गळती कोणत्या वाटेनं होते हे कळल्याशिवाय उपाय निवडता येत नाही, आणि नुसत्या नजरेवर भरवसा ठेवणं धोक्याचं आहे. आजोबा आणि नात यांच्यात खरंखुरं साम्यही असतंच. त्यासाठी आधी मोजमाप करावं. आर्कफेससारखं चेहरे ओळखणारं मॉडेल प्रत्येक चेहऱ्याचे 512 आकडे करतं आणि दोन चेहऱ्यांमधलं साम्य एका अंकात सांगतं. समजा, दोन मूळ फोटोंमधलं साम्यच 0.15 आहे, ही आपली पायरेषा. आता तयार चित्रातली नात स्वतःच्या फोटोशी 0.45 जुळते आणि आजोबांच्या फोटोशी 0.30. स्वतःशी जुळणारा आकडा मोठा आहे म्हणून समाधान मानू नये, 0.15 चे 0.30 झाले ही गळती आहे. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या फोटोशी जुळण्याचे आकडे पायरेषेजवळ आले की चेहरे सुटे झाले. अ‍ॅडॉप्टर स्वतःच ज्या मॉडेलचे आकडे वापरतं त्याच्याचकडून मात्र ही तपासणी करू नये. गुण देणारा आणि घेणारा एकच होतो. दुसरी कसोटी सीडची. सीड, प्रॉम्प्ट आणि मास्क तेच ठेवून फक्त आजोबांच्या जागी तिसऱ्याच माणसाचा फोटो द्यायचा. नातीच्या चेहऱ्यावरचा प्रकाश किंचित बदलला तर हरकत नाही. तिचं नाक, जबडा किंवा वय बदललं, तर मास्क असूनही आजोबा तिच्यापर्यंत पोचत आहेत.

असं दिसलं, तर काम दोन टप्प्यांत करावं. पहिल्या फेरीत संदर्भ-फोटो द्यायचेच नाहीत. साधारण त्या वयाची, तशा केशरचनेची कुणीही दोन माणसं नीट मांडून घ्यायची. मग नातीचा चेहरा असा कापायचा की त्या तुकड्यात आजोबांचा चेहरा येणार नाही, तो मोठा करायचा आणि फक्त तिचा फोटो देऊन 0.4 ते 0.5 डीनॉइजवर पुन्हा रंगवायचा. नंतर तेच आजोबांसाठी. दुसरा चेहरा गणितातच नसल्यानं दोन्ही वाटा एकदम बंद होतात, शिवाय लहान चेहऱ्याला पूर्ण जाळी मिळते. यावर आक्षेप येतो की असे चेहरे वरून चिकटवल्यासारखे दिसतात. आक्षेप रास्त आहे. तुकड्याला बाकीच्या चित्राची खबर नसते, त्यामुळे गळ्याशी त्वचेचा रंग तुटतो. आणि एवढ्या डीनॉइजवर कवटीचा आकार पहिल्या फेरीतलाच राहतो. पण रंगाचा सांधा शेवटी हलक्या डीनॉइजनं जुळवता येतो आणि पहिली मांडणीही वय-ठेवण पाहून निवडता येते. मिसळलेला चेहरा मात्र नंतर सुटा करता येत नाही.

शेवटचा आक्षेप असा, की नवी मॉडेलं कित्येक फोटो एकदम घेतात, मग हा खटाटोप कशाला? ती मॉडेलं संदर्भ-फोटो आणि घडणारं चित्र एकाच रांगेत ठेवतात. तिथेही रांगेतलं कुणाचं स्थान कुठलं हा प्रश्न उरतोच. 2025 मध्ये आलेल्या बाइटडान्सच्या ‘यूएनओ’ या कामात अनेक संदर्भांचे गुणधर्म मिसळू नयेत म्हणून प्रत्येक संदर्भाला स्थानाचे वेगळे अंक देण्याची योजना करावी लागली. म्हणजे वाटणी टळली नाही. ती आपल्या हातातल्या मास्कमधून मॉडेलच्या आत गेली. तिथे ती शिकलेली सवय असते, मास्कच्या शून्यासारखी हमी नसते. म्हणून नवं मॉडेल वापरतानाही सीडची कसोटी सोडू नये.

मास्कला जिथे हद्दच आखता येत नाही अशी चित्रं मात्र उरतात : गालाला गाल लावलेली, एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा हात आलेली. तिथे दोन घरांची फट ठेवायला जागा नसते आणि एक चेहरा वगळून तुकडाही कापता येत नाही. अशा मांडणीत आधी डोकी थोडी दूर ठेवून चित्र करावं, हेच आजचं व्यवहार्य उत्तर आहे. पुढच्या भागात चेहऱ्यांवरून कपड्यांकडे वळू : साडीचा काठ शेजारच्या सदऱ्यावर का उतरतो, आणि तिथे शब्दांचीच वाटणी कशी करावी लागते.