यादीवजा लेख : मुद्द्यांची निवड आणि संख्या

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत 'अमुक ठिकाणची दहा प्रेक्षणीय स्थळे' अशा स्वरूपाचे लेख आपण नेहमी वाचतो. त्यातील सहा-सात नोंदी वाचनीय असतात आणि उरलेल्या केवळ दहाचा आकडा गाठण्यासाठी आलेल्या असतात. हा दोष लेखनाच्या कोणत्या टप्प्यावर निर्माण होतो आणि तो कसा टाळता येतो, हे या उपघटकात एका उदाहरणाद्वारे पाहू.

समजा, आपल्याला 'पालघर-बोईसर परिसरातील दहा प्रेक्षणीय स्थळे' असा लेख लिहावयाचा आहे. पहिल्या कच्च्या यादीत साधारणपणे पुढील नावे येतील : केळव्याचा समुद्रकिनारा, केळव्याचा सूर्यास्त, शिरगावचा किल्ला, शिरगावचा किनारा, चिंचणीचा किनारा, तारापूरचा किल्ला, सातपाटी बंदर, काळदुर्ग, पालघरचा हुतात्मा स्तंभ आणि तारापूर अणुविद्युत केंद्र. दहा झाली, परंतु आकडा आधी ठरला आणि निकष ठरलाच नाही. 'प्रेक्षणीय' म्हणजे कोणासाठी? बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा, आठवड्यातून एक सुटी मिळणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवला, तर 'एका दिवसात जाऊन येता येईल आणि आत जाऊन पाहता येईल असे ठिकाण' हा निकष आपोआप पुढे येतो. तो लावताच अणुविद्युत केंद्र गळते. 1969 मध्ये वीजनिर्मिती सुरू करणारे हे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र. महत्त्वाविषयी वाद नाही. पण सुटीच्या दिवशी सहज आत जाऊन पाहण्याची ती जागा नव्हे. महत्त्वाची गोष्ट आणि यादीत बसणारी गोष्ट यांत फरक असतो.

आता उरलेल्या नोंदींना एक साधी कसोटी लावू. भाषाविज्ञानात दोन घटक खरोखर भिन्न आहेत का, हे पाहण्यासाठी एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहतात. 'पल' मधील 'प'च्या जागी 'फ' ठेवला की 'फळा'कडे नेणारा वेगळा शब्द होतो. म्हणून ते दोन स्वतंत्र वर्ण ठरतात. नोंदींच्या बाबतीतही हेच करावे. 'चिंचणीचा किनारा शांत, स्वच्छ असून सायंकाळी येथे मन प्रसन्न होते' या वाक्यात चिंचणीऐवजी शिरगाव किंवा केळवे घातले, तरी वाक्य तसेच खरे राहते. म्हणजे ते चिंचणीविषयी काहीच सांगत नाही. उलट, '1739 च्या वसई मोहिमेत हा किल्ला घेताना बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले' हे वाक्य तारापूरवाचून अन्यत्र बसणार नाही.

जी नोंद या कसोटीत नापास होते, तिचे दोनच मार्ग असतात. एकतर तिथे जाऊन, माणसांशी बोलून तिचे स्वतःचे असे काही मिळवावे. ते मिळाले नाही तर तिला शेजारच्या नोंदीत सामावून घ्यावे. विशेषणे वाढवणे हा तिसरा मार्ग नव्हे, पण बहुतेक लेखक तोच पत्करतात. चिंचणी तारापूरच्या शेजारीच असल्याने 'किल्ला पाहून पुढे चिंचणीच्या किनाऱ्यावर जाता येते' एवढे वाक्य तारापूरच्या नोंदीत पुरेसे आहे. शिरगावच्या किनाऱ्याचेही तसेच. केळव्याचा सूर्यास्त तर स्वतंत्र स्थळ नाहीच. एकाच गोष्टीचे दोन तुकडे करून संख्या फुगवण्याचा तो नमुना आहे. सुरूच्या बनामागे मावळणारा दिवस केळव्याच्या नोंदीतच शोभतो.

उरली सहा : केळवे, हुतात्मा स्तंभ, काळदुर्ग, सातपाटी, शिरगावचा किल्ला आणि तारापूरचा किल्ला. मात्र हुतात्मा स्तंभाची नोंद 'प्रेरणादायी स्थळ' एवढ्यावर थांबली, तर तीही नापास होईल. 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरमध्ये निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले, हे सांगितले की ती तिथलीच होते. सातपाटीबद्दल 'मासेमारीचे गाव' म्हणून भागत नाही, कारण किनाऱ्यावरील अनेक गावांना ते लागू पडते. पापलेटसाठी असलेली त्याची ख्याती सांगावी लागते.

नोंदींचा क्रमही माहिती देतो. वरील क्रम सहज आलेला नाही. केळवे रोड, पालघर, बोईसर अशी स्थानके दक्षिणेकडून उत्तरेकडे येतात. काळदुर्ग, सातपाटी, शिरगाव यांकडे पालघरहून वळावे लागते आणि तारापूरकडे बोईसरहून. वाचकाला यादीतच प्रवासाची आखणी मिळते आणि एकाच दिवशी कोणती दोन ठिकाणे जोडावीत, हेही कळते.

शीर्षकातील आकडा शेवटी लिहावा : 'सुटीच्या एका दिवसासाठी सहा ठिकाणे'. संपादकाने दहाच मागितली असतील, तर परिसराची मर्यादा वाढवून डहाणू किंवा वसईकडील स्थळे घेण्याची परवानगी मागावी. सहांचे दहा तुकडे करू नयेत. परीक्षेत मात्र 'पाच वैशिष्ट्ये लिहा' असे विचारले असता संख्या आपल्या हाती नसते. तेथे निदान एकच वैशिष्ट्य दोन शब्दांत पुन्हा लिहिले गेले नाही ना, हे तपासावे.

स्वाध्याय : आपल्या तालुक्यातील खाद्यपदार्थांवर एक यादीवजा लेख लिहा. प्रत्येक नोंदीतील पदार्थाचे नाव झाकून ती दुसऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा. ज्या नोंदींवरून पदार्थ ओळखता आला नाही, त्या पुन्हा लिहा किंवा गाळा आणि त्यानंतरच शीर्षक द्या.